तासाचा रेट काढताना 2080 ने भागू नका

बरेच जण वर्षाचा पगार सरळ 2080 ने भागतात, म्हणजे 52 आठवडे गुणिले 40 तास, पण यात गणपतीची सुट्टी पण कामाचा दिवस म्हणून धरली जाते आणि रेट कमी दिसतो. फ्रीलान्सचा रेट ठरवणार असाल तर हे नडतं, कारण तिथे सुट्टीचे पैसे कोणी देत नाही.

असं करा. 2026 मध्ये 365 दिवस, त्यातून 104 शनिवार-रविवार गेले की 261. मग ऑफिसची हॉलिडे लिस्ट घ्या, पण शनिवार-रविवारी येणाऱ्या सुट्ट्या परत वजा करू नका, त्या आधीच गेल्यात (यंदा 15 ऑगस्ट शनिवारी आहे). समजा उरल्या 11, तर 250. पगारी रजा 22 घेत असाल तर 228 दिवस. जेवणाची सुट्टी सोडून रोज 8 तास, म्हणजे 1824 तास.

आता महिना 76,000 म्हणजे वर्षाला 9,12,000. भागिले 1824, बरोब्बर 500 रुपये तास. 2080 ने हेच 438 आलं असतं! रजा न घेता पडून राहत असतील तर त्या वजा करू नका, खरंच घेता तेवढ्याच धरा.

आणि डोंबिवलीहून अंधेरीला जाण्यायेण्यात रोज अडीच तास जात असतील तर ते वेगळे मोजा, 570 तास वाढतात आणि रेट 381 वर येतो. क्लायंटला सांगायला 500 चाच आकडा, नवीन नोकरी घराजवळ आहे का बघताना मात्र 381 वाला.