गुगल वर्कस्पेस बंद करताय? आधी फाइली कोणाच्या नावावर आहेत ते बघा

लहान ऑफिसं वर्कस्पेस सोडून दुसरीकडं जातात तेव्हा सगळ्यांचा जीव मेलात अडकलेला असतो. जुनी मेलं येतील ना, नवीन मेलं बाउन्स होणार नाहीत ना, हेच विचारत राहतात. मेल हलवणं हे वेळखाऊ काम आहे पण अवघड नाही. फसतात ते शेअर केलेल्या फाइलींमध्ये, आणि तिथंच "टेकआउट घ्या, झिप डाउनलोड करा, झालं" असा सल्ला लोक बिनधास्त देतात. टेकआउट म्हणजे खात्यातला डेटा उतरवून घ्यायची गुगलची सोय. तो सल्ला अर्धा आहे आणि त्या अर्ध्यानंच नुकसान होतं.

डोमेनच्या डीएनएसचा पासवर्ड, सुपर अॅडमिनचं लॉगिन आणि पुरेशी मोठी हार्ड डिस्क हे तुमच्याकडं आहे असं धरूनच पुढचं लिहितोय.

आधी फाइली, मग मेल

ड्राइव्हमध्ये फोल्डर कोणाचा यावरून आतली फाइल कोणाची ते ठरत नाही. साहेबांनी "हिशोब" नावाचा फोल्डर काढला, सगळ्यांना शेअर केला, त्यात अकाउंट्सच्या ताईंनी शीट बनवली तर ती शीट ताईंच्या नावावर असते. फोल्डर साहेबांचा, शीट ताईंची. रोज वापरताना हा फरक कळतच नाही कारण सगळ्यांना सगळं दिसतं. टेकआउट मात्र त्या त्या माणसाच्या मालकीच्याच फाइली देतं. साहेबांच्या खात्यातून टेकआउट घेतलं की फोल्डर येतो आणि आतल्या ताईंच्या शीटा येत नाहीत, कुठं एररही दिसत नाही.

सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी हेच करून बसलो होतो. नऊ खाती होती. मालकांच्या खात्याचं टेकआउट घेतलं, फोल्डरांची नावं जुळवली, सगळी होती. मग लायसनचे पैसे वाचावेत म्हणून सात खाती डिलीट केली. सतराव्या दिवशी तिथल्या ताईंचा फोन आला, "दादा, त्या गाडीभाड्याच्या शीटा कुठं ठेवल्यात?" बघितलं तर त्या फोल्डरमध्ये जुन्या ड्राइव्हला ४१२ फाइली होत्या आणि माझ्या डिस्कवर २३८. डिलीट केलेलं खातं अॅडमिन २० दिवसांच्या आत परत आणू शकतो, म्हणून ते आणलं आणि फाइली मिळाल्या. तीन दिवस उशीर झाला असता तर तीन वर्षांचा भाड्याचा हिशोब गेला होता. तेव्हापासून मी फोल्डरांची नावं जुळवत नाही, फाइलींची संख्या जुळवतो, आणि शेवटचा दिवस येईपर्यंत एकही खातं डिलीट करत नाही. खातं सस्पेंड केलं तरी लायसनचे पैसे लागतातच, त्यामुळं तोही बचतीचा मार्ग नाही, ते पैसे जाऊ द्या.

तर करायचं असं. ड्राइव्हच्या सर्चमध्ये एकेका माणसाचा पत्ता टाका:

```
owner:accounts@example.in
```

तुम्हाला दिसणाऱ्या फाइलींपैकी त्या माणसाच्या कोणत्या ते कळतं. हे नुसतं अंदाज यावा म्हणून. नंतर अॅडमिन कन्सोलमध्ये Apps, Google Workspace, Drive and Docs इथं जा, तिथं Transfer ownership आहे. एका माणसाच्या सगळ्या फाइली दुसऱ्याच्या नावावर एकदम करता येतात. मी सगळ्यांच्या फाइली एकाच खात्यावर आणतो, शक्यतो मालकांच्या किंवा मुद्दाम काढलेल्या एका "archive" खात्यावर. नव्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जुन्या माणसाच्या पत्त्याच्या नावाचा फोल्डर तयार होतो, तो आला की काम झालं समजा. तेवढी जागा त्या खात्यात आहे ना ते आधी बघा. आणि हे फक्त तुमच्याच डोमेनच्या आत चालतं, मालकांच्या घरच्या जीमेलवर मालकी देता येत नाही, तो नाद सोडा.

सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती सस्पेंड करून ठेवली असतील तर त्यांच्याही फाइली अशाच हलवा. सगळ्यात जुन्या आणि कामाच्या शीटा बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी नावावर सापडतात, नेहमीचा अनुभव आहे.

ज्यांच्याकडं शेअर्ड ड्राइव्ह आहे त्यांना मालकीची ही भानगड नाही कारण तिथल्या फाइली संस्थेच्या असतात. पण शेअर्ड ड्राइव्ह म्हणजे कोणाचं वैयक्तिक खातं नाही, त्यामुळं माणसांची खाती उतरवली की तेही आलं असं समजू नका, ते वेगळं उतरवा.

पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही

हे इतक्यांदा बघितलंय की वेगळं लिहितोय. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं अॅप असतं, त्यात फाइली दिसतात, लोक त्या ओढून पेनड्राइव्हवर टाकतात आणि बॅकअप झाला म्हणतात. त्या फाइलींची शेपटी बघा, `.gsheet` किंवा `.gdoc` असेल तर आत डेटा नाहीच, फक्त वेबवरच्या फाइलीचा पत्ता आहे. साइज बघितली तरी कळतं, हजार ओळींची शीट एक केबीची कशी असेल? वर्कस्पेस बंद झालं की त्या उघडणारच नाहीत. टेकआउट घेतलं की याच फाइली एक्सेल आणि वर्डच्या बनून येतात, म्हणून टेकआउटच घ्या.

टेकआउट घेताना झिपची साइज ५० जीबी निवडा म्हणजे तुकडे कमी होतात. लिंक साधारण आठवडाभरच चालते, आली की लगेच उतरवा. विंडोजवर झिप उघडताना `D:\t` असल्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडा, डेस्कटॉपवर नको. फोल्डरात फोल्डर आणि लांबलचक नावं झाली की २६० अक्षरांची मर्यादा आडवी येते आणि काही फाइली बाहेर पडतच नाहीत. "मार्च अखेर फायनल नवीन दुरुस्त" असली नावं आपल्याकडं सर्रास असतात.

एक्सेलमध्ये आकडे बरोबर दिसतात, तरी थांबा

टेकआउटनं शीटची एक्सेल बनवली तरी `IMPORTRANGE`, `QUERY`, `GOOGLEFINANCE` असले फॉर्म्युले एक्सेलला कळत नाहीत. मग गुगल तिथं शेवटचा आकडा गोठवून ठेवतं. सेलवर क्लिक केलं तर असं काहीतरी दिसतं:

```
=IFERROR(__xludf.DUMMYFUNCTION("IMPORTRANGE(...)"),48250)
```

म्हणजे ४८,२५० हा उतरवला त्या दिवशीचा आकडा आहे. उद्या मूळ शीटमध्ये काहीही भरा, हा हलणार नाही आणि एररही देणार नाही. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त भीतीची वाटते, कारण फाइल उघडते, रंग जागेवर, बेरीज जागेवर, आणि दोन महिन्यांनी कळतं की बाकी येणं जुनंच दाखवतंय. म्हणून रोजच्या वापरातली प्रत्येक शीट एक्सेलमध्ये उघडून कंट्रोल-एफ करा, पूर्ण वर्कबुकमध्ये आणि फॉर्म्युल्यांमध्ये शोध निवडा आणि `DUMMYFUNCTION` शोधा. जिथं सापडेल तिथं फॉर्म्युला हातानं नव्यानं लिहायला लागतो, याला शॉर्टकट नाही. जुन्या, बंद झालेल्या वर्षांच्या शीटांमध्ये सापडलं तर सोडून द्या, तिथं गोठलेला आकडाच हवा असतो.

सोबत `docs.google.com` हेही शोधा. एका शीटमधून दुसरीकडं दिलेल्या लिंका सगळ्या मरणार आहेत.

आता मेल

नव्या सर्व्हरवर सगळे मेलबॉक्स आधी काढा, आणि info, sales, accounts असले पत्ते विसरू नका, ते वर्कस्पेसमध्ये बऱ्याचदा मेलबॉक्स नसतात, एलियास किंवा ग्रुप असतात, म्हणून युजरच्या यादीत दिसत नाहीत आणि मग गिऱ्हाइकाचं मेल परत जातं.

जुनी मेलं हलवायला मी इमॅपसिंक हे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेलं कॉपी करणारं टूल वापरतो. प्रत्येक खात्याला टू-स्टेप चालू करून अॅप पासवर्ड काढायचा, तो फाइलीत ठेवायचा आणि आधी कोरडी चाचणी:

```
imapsync --gmail1 --user1 accounts@example.in --passfile1 g.txt \
  --host2 mail.example.in --user2 accounts@example.in --passfile2 n.txt --dry
```

यादी ठीक वाटली की `--dry` काढून परत चालवा. कितीही वेळा चालवलं तरी आधी गेलेलं मेल पुन्हा जात नाही.

दोन गोष्टी बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये कुठलं लेबल आयमॅपला दाखवायचं याच्या खुणा असतात, खूण नसेल तर ते फोल्डर इमॅपसिंकला दिसतच नाही. आर्काइव्ह केलेली मेलं फक्त `All Mail` मध्ये असतात, त्यामुळं त्याची खूण हवीच. दुसरं म्हणजे आयमॅपनं एका खात्यातून दिवसाला साधारण २.५ जीबीच निघतं. मालकांचा मेलबॉक्स १८ जीबीचा असेल तर आठ दिवस धरा. रिन्यूअलच्या दोन दिवस आधी फोन करणाऱ्यांना मी सरळ सांगतो, एक महिन्याचे पैसे भरा.

जुनी मेलं गेली की एमएक्सचा, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर यायचं ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा, टीटीएल आदल्या दिवशी ३०० सेकंद करा, शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला, त्याच वेळी एसपीएफमध्ये नवा सर्व्हर टाका आणि नवं डीकेआयएम लावा, नाहीतर तुमची बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील. सोमवारी इमॅपसिंक परत एकदा चालवा, मधल्या दोन दिवसांत जुन्याकडं पडलेली मेलं येतात. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट एक्सपोर्ट करून इंपोर्ट करा, दहा मिनिटांचं काम.

बंद करायच्या आधीचा महिना

एमएक्स बदलल्यावर जुनं वर्कस्पेस निदान महिनाभर चालू ठेवा, म्हणजे महिनाअखेरची सगळी कामं नव्या फाइलींवर एकदा होऊन जातात आणि काय राहिलं ते त्यातच कळतं. जीएसटी पोर्टल आणि बँकेचे ओटीपी त्याच पत्त्यावर येत राहतात, कारण पत्ता बदललेला नाही. पण जिथं "गुगलनं साइन इन करा" असं बटण वापरलंय तिथं पत्ता नाही, गुगल खातं लागतं, आणि ते जाणार आहे. अशा प्रत्येक वेबसाइटवर जाऊन पासवर्ड लावून घ्या. दुकानाचं गुगल मॅप्सवरचं प्रोफाइल, यूट्यूब चॅनल हे ऑफिसच्या खात्यावर असेल तर मालकांच्या घरच्या जीमेलला मालक म्हणून जोडा. फाइलींची मालकी बाहेर जात नाही पण यांची जाते, यूट्यूब चॅनल मात्र ब्रँड अकाउंटवर असेल तरच.

प्लॅन वार्षिक आहे की महिन्याचा ते बिलिंगमध्ये बघा, वार्षिक मध्येच तोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे लागू शकतात, तेव्हा फक्त रिन्यूअल बंद करून तारखेची वाट बघणं बरं. आणि कॅन्सल दाबायच्या आधी तिथूनच सगळ्या महिन्यांची इनव्हॉइसं पीडीएफमध्ये उतरवून सीएंना पाठवा, जीएसटी क्रेडिटसाठी ती मागतात आणि अॅडमिन लॉगिन गेल्यावर ती काढायला जागाच उरत नाही.