रेट्रोच्या चिठ्ठीची नोंद कशी केली

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दर रेट्रोस्पेक्टिव्हला, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा बैठकीला, ‘कोड रिव्ह्यू लवकर व्हावा’ ही चिठ्ठी फळ्यावर लागायचीच. लवकर म्हणजे किती, बघायचं कुणी, हे तिच्यात नव्हतं.

मी ती नोंदीत अशी उतरवली: पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासून घ्यायची विनंती, आल्यावर कामाच्या ४ तासांत पहिला रिव्ह्यू, जबाबदारी आमच्या सीनियर डेव्हलपर ताईंची, तपासणी पुढच्या रेट्रोला, तारीख घालून. जबाबदारीच्या रकान्यात ‘टीम’ लिहू देत नाही, कारण मग विचारायचं कुणाला? ताईंनी सगळे रिव्ह्यू स्वतः करायचे नाहीत, अडकलेल्या रिव्ह्यूंचा पाठपुरावा करायचा. नोंद वाचून सगळ्यांनी होकार दिला, मगच उठलो. तपासणीला आधी पुल रिक्वेस्टच्या वेळा पाहतो, मतं नंतर. वेळ पाळली गेली नसेल, तर उपाय बदलून नवी तारीख घालतो.