पीएच जवळजवळ नॉर्मल, तरी अॅनियन गॅप काढाच

मिश्र आम्ल-अल्कली बिघाडाच्या प्रश्नात सौम्य दिसणारा पीएच हमखास फसवतो. हे उदाहरण सोडवून पाहा: क्रिॲटिनिन ९ असलेला, दोन दिवस उलट्या होत असलेला रुग्ण. पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ३६, बायकार्बोनेट २०, सोडियम १४०, क्लोराइड ९२.

बायकार्बोनेट २० ला अपेक्षित कार्बन डायऑक्साइड १.५ × २० + ८, म्हणजे ३८, दोन इकडेतिकडे. ३६ त्यात बसतो, म्हणून श्वसनाचा वेगळा बिघाड नाही. आता गॅप: १४० − ९२ − २० = २८. नॉर्मल १२ धरला तर गॅप १६ ने वाढला, बायकार्बोनेट मात्र २४ वरून फक्त ४ ने उतरलं. डेल्टा रेशो ४. दोनच्या वर गेला की सोबत मेटाबॉलिक अल्कलोसिस शोधायचा (किंवा बायकार्बोनेट आधीपासूनच जास्त होतं का, ते पाहायचं). इथे युरेमियाचा ॲसिडोसिस उलट्यांच्या अल्कलोसिसने झाकला आहे. तरी लॅक्टेट आणि कीटोन तपासल्याशिवाय सगळा गॅप मूत्रपिंडाच्या नावावर टाकू नका.

नेफ्रोटिक रुग्णात अल्ब्युमिन आधी बघा. ते ४ च्या खाली जितके ग्रॅम असेल, तितक्या पट २.५ गॅपमध्ये मिळवा आणि मगच रेशो काढा.