मशीन उशिरा आलं तर भरपाई किती? पर्चेस ऑर्डरमधलं कलम असं लिहा

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीने २४ लाखांच्या व्हीएमसी मशीनची ऑर्डर दिली. मशीन १ जूनला यायचं होतं, ते सहा आठवडे उशिरा आलं. मालकाने पर्चेस ऑर्डरमध्ये 'उशीर झाल्यास दहा लाख रुपये दंड' असं लिहून घेतलं होतं आणि आता दहा लाख कापता येतील असं तो धरून चालला आहे. तसं होत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत जेवढी वाजवी, तेवढीच भरपाई मिळते. आकड्याला दंड म्हणा किंवा ठरीव भरपाई म्हणा, आपल्याकडे दोन्हींना हाच नियम आहे. इंग्लंडमध्ये मात्र दंड ठरलेलं कलम लागूच होत नाही.

म्हणून कलम लिहिण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि एका आठवड्याच्या उशिराने खरंच किती जाईल ते काढा. या फौंड्रीत आठवड्याला ६०० कास्टिंग मशीनिंगला जातात. स्वतःच्या मशीनवर नगाला ७० रुपये पडले असते. बाहेर जॉबवर्कला वाहतुकीसह १२० पडतात. फरक ५० रुपये, म्हणजे आठवड्याला ३०,०००. सहा आठवड्यांचे १,८०,०००. दहा लाखांचं कलम असलं, तरी हिशेबाने हाती येण्यासारखी रक्कम एवढीच.

उलटी चूकही तितकीच महागात पडते, आणि माझ्या मते जास्त वेळा होते. कुठल्या तरी जुन्या टेंडरमधून 'आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के' ही ओळ उचलली जाते. २४ लाखांचा अर्धा टक्का १२,०००. सहा आठवड्यांचे ७२,०००. नुकसान १,८०,००० चं असलं, तरी उशिरापोटी त्यावर एक रुपया वाढवून मागता येत नाही, कारण मर्यादा तुम्हीच घालून घेतली. तेव्हा इथे 'दर आठवड्याला ३०,०००, कमाल ३ लाख' असं लिहा आणि वरचा हिशेब ऑर्डरला जोडा. आकडा अंदाजानेच, पण विचार करून ठरवला होता, हे त्यातून दिसतं.

आता दुसरा भाग. मशीन नव्हतं म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकाची नवी ऑर्डर हातची गेली, त्यात आठ लाख नफा होता. तो मागता येईल का? कलम ७३ म्हणतं, करार मोडल्यामुळे ओघानेच होणारं नुकसान मिळेल, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक होतं असं नुकसान मिळेल. दूरचं आणि अप्रत्यक्ष मिळणार नाही. १८५४ च्या हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लिश निकालातही हेच तत्त्व आहे. तिथेही गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला उशीर झाला होता. आपल्या कायद्याने कलम ७३ खाली दिलेलं उदाहरण तर या प्रकरणाला चपखल बसतं: मशीन उशिरा पोचवणाऱ्याला गिरणी बंद असल्याचं ठाऊक होतं, म्हणून बंद काळातला सरासरी नफा द्यावा लागतो, सरकारी कंत्राट गेलं त्याची भरपाई नाही.

म्हणून असं मोठं नुकसान अंगावर येणार असेल, तर सही करण्याआधी सप्लायरला लेखी कळवा आणि ऑर्डरमध्येच लिहा: 'हे मशीन अमुक ऑर्डरसाठी आहे, उशीर झाल्यास ती रद्द होऊ शकते.' वरची ३ लाखांची मर्यादाही त्या हिशेबाने वाढवावी लागेल. नुसतं कळवून भागत नाही. सप्लायर किंमत वाढवून मागेल, ते साहजिक आहे. उशीर झाल्यावर पाठवलेल्या मेलचा इथे उपयोग नाही. बघितलं जातं ते करार करतेवेळचं ज्ञान.

मशीन अडलं की कामही अडवून बसू नका. नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते, ते कलम ७३ नुसार विचारात घेतले जातात. गोकुळ शिरगावात १२० रुपयांत काम होत असताना कास्टिंग पडून राहू दिली, तर त्यापायी वाढलेलं नुकसान तुमचंच.

शेवटचं काम पुराव्याचं. कलम ७४ मध्ये 'नुकसान सिद्ध झालं असो वा नसो' असे शब्द आहेत, पण त्यावर विसंबू नका. मौला बक्ष खटल्यात लष्कराला बटाटे, अंडी वगैरे पुरवणाऱ्या कंत्राटदाराची अनामत सरकारने जप्त केली होती. माल बाहेरून कोणत्या दराने घेतला हे सरकारला दाखवता आलं असतं, ते दाखवलं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये जप्ती मान्य केली नाही. २०१५ च्या कैलाश नाथ निकालानेही सांगितलं की नुकसानच नसेल तर भरपाई नाही. ते मोजणं अवघड असेल तेव्हाच लिहिलेला वाजवी आकडा पुराव्याविना चालतो. जॉबवर्कचा फरक मोजणं मुळीच अवघड नाही. दर आठवड्याची जॉबवर्क बिलं, चलनं आणि नगांची नोंद एका फाइलमध्ये ठेवा, आणि सप्लायरच्या बिलातून रक्कम कापताना त्यांच्या प्रतींसह हिशेबाचं पत्र पाठवा.