तीन आकड्यांचा आलेख

माझ्या पहिल्या आलेखात मोजून तीन आकडे होते. महाराष्ट्रात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हे मी जनगणनेतून घेतलं होतं: १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. (२०२१ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही, म्हणून आकडे तिथेच थांबतात.) शीटमध्ये टाकले, स्तंभालेख निवडला, चित्र लेखात डकवलं. शेवटचा स्तंभ पहिल्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा दिसत होता. मला ते जोरकस वाटलं.

लेख वाचून काकूंचा फोन आला. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "अरे, चित्रात तर ऐंशी टक्के मुली गायब झाल्यात. आकड्यांत तसं कुठं दिसतंय?"

गडबड उभ्या अक्षात होती. आकडे एकमेकांच्या जवळ असले की शीट बऱ्याचदा अक्ष शून्यापासून न घेता परस्पर वरून सुरू करते. माझा ८८० पासून सुरू झाला होता. मग स्तंभांच्या उंची उरल्या ६६, ३३ आणि १४. खरी घट ५२ची, म्हणजे ९४६च्या साडेपाच टक्के. स्तंभालेखात डोळा लांबीच मोजतो. बाजूला लिहिलेले अंक नंतर वाचतो, वाचलेच तर. त्यामुळे स्तंभ असतील तर अक्ष शून्यापासूनच हवा. गूगल शीट्समध्ये Customize मध्ये Vertical axis उघडून Min ला 0 टाकायचं.

तसं केलं तर दुसरीच पंचाईत. तिन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसायला लागले, आणि जी घट दाखवायची होती तीच दिसेना. हजारामागे ५२ मुली ही या विषयात मोठी गोष्ट आहे. मग मी स्तंभ सोडून ठिपके घेतले आणि ते रेषेने जोडले. ठिपक्यात आपण लांबी बघत नाही, जागा बघतो, त्यामुळे अक्ष ८८० ते ९६० ठेवला तरी चालतो. फक्त "उभा अक्ष ८८० पासून" असं खाली स्पष्ट लिहायचं. रेषा असली तरी ठिपके ठळक ठेवले, कारण मोजणी फक्त त्या तीन वर्षांची आहे, मधल्या वर्षांची नाही.

आता अक्षरांचं. मी चित्र १२०० पिक्सेल रुंद केलं होतं, त्यात अक्षरं २४ पिक्सेलची. लॅपटॉपवर झकास. फोनचा पडदा ३६० रुंदीचा धरला तर तीच अक्षरं ७ पिक्सेलवर येतात, आणि त्या आकारात "मुली" आणि "मुले" यांतला फरक दिसत नाही. आता मी चित्र ७२० रुंद करतो, अक्षरं किमान ३० ठेवतो. फोनवर ती १५ भरतात. एवढ्या जागेत मजकूर मावत नसेल तर मजकूर जास्त झाला असं समजतो. वेगळी रंगसूचीही काढून टाकली. प्रत्येक ठिपक्याशेजारीच आकडा लिहिला. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांचीही त्याने सोय होते. अक्षावरचे अंक मी नाजूक करड्या रंगात ठेवले होते, `#999999`. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट २.८५ येतो, आणि सुगमतेच्या नियमांप्रमाणे साध्या मजकुराला ४.५ तरी लागतो. `#595959` घेतल्यावर तो ७ झाला.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट एका मित्रामुळे कळली. त्याला दिसत नाही, तो फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून वाचतो. माझा लेख त्याने माझ्यासमोर ऐकला. आलेख आला तेव्हा फोन बोलला, "चार्ट फायनल टू डॉट पीएनजी". चित्राच्या जागी वाचला जाणारा पर्यायी मजकूर मी दिलाच नव्हता, म्हणून फाइलचं नाव वाचलं गेलं. घाईने मी "मुलींच्या प्रमाणाचा आलेख" असं भरलं. तो म्हणाला, "आलेख आहे हे कळलं. त्यात काय आहे?"

आता असं लिहितो:

```html
<img src="mulinche-praman.png"
  alt="रेषालेख: महाराष्ट्रात ०–६ वयोगटात
  हजार मुलांमागे मुली घटल्या. १९९१: ९४६,
  २००१: ९१३, २०११: ८९४.">
```

आधी प्रकार, मग काय घडलं ते, मग आकडे. तीनच आहेत म्हणून सगळे इथे मावतात. छत्तीस जिल्ह्यांचे असते तर इथे फक्त सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा दिला असता, आणि बाकीचे चित्राखाली खऱ्या तक्त्यात. तक्त्याचा फोटो काढून लावला तर मूळ अडचण परत येते. शीर्षकाच्या घरांना `<th>` द्यायचं, म्हणजे आकड्याबरोबर वर्षही वाचलं जाऊ शकतं. पानाला `lang="mr"` लावायचं. नाहीतर काही वाचकयंत्रं मराठीला इंग्रजी आवाज लावतात.

दुरुस्त केलेलं पान मित्राला पाठवलं. ऐकून त्याने एवढंच विचारलं, "दुसऱ्या दहा वर्षांत घट कमी झाली, हे का नाही लिहिलंस?" पहिल्या दशकात ३३, दुसऱ्यात १९. चित्र इतक्यांदा बघूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आलेखाचं शीर्षक मग त्यावरूनच बदललं.