तिजोरीचा आकडा पाच जणांत असा वाटा, की कोणत्याही तिघांनाच तो जुळवता येईल

एका संस्थेच्या तिजोरीचा क्रमांक ४७२९ आहे आणि विश्वस्त पाच आहेत. त्यांनी ठरवलंय, की कोणतेही तिघे एकत्र आले तर तिजोरी उघडता यावी. दोघांनी मात्र कितीही डोकं चालवलं तरी त्यांच्या हाती काही लागू नये.

पहिला विचार येतो तो आकडे तोडून देण्याचा, म्हणजे एकाला ४७ आणि दुसऱ्याला २९. पण ज्याच्याकडे ४७ आहे त्याला आता दहा हजारांऐवजी फक्त शंभर क्रमांक फिरवून बघायचे उरतात. दुसरा विचार कुलपांचा : तिजोरीला अनेक कुलपं लावायची आणि किल्ल्या अशा वाटायच्या, की कोणत्याही तिघांकडे मिळून सगळ्या असतील, पण दोघांकडे नाहीत. पाचांतल्या कोणत्याही तिघांसाठी १० कुलपं लागतात आणि प्रत्येकाला ६ किल्ल्या सांभाळाव्या लागतात. ११ जणांतल्या कोणत्याही सहांसाठी हाच हिशेब ४६२ कुलपं आणि माणशी २५२ किल्ल्यांवर जातो. संकेतशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी १९७९ साली छापलेल्या छोट्याशा निबंधाची सुरुवात याच आकड्यांनी केली आणि पुढे बहुपदी वापरून सगळी कुलपंच काढून टाकली. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनी स्वतंत्रपणे भूमितीचा वेगळा मार्ग दाखवला होता, पण वापरात रुळली ती शमीर यांचीच पद्धत.

मूळ कल्पना शाळेतलीच आहे. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. तसंच, x च्या वेगवेगळ्या किमतींवरच्या तीन बिंदूंमधून दोन किंवा त्याहून कमी घाताची एकच बहुपदी जाते. x = ० असताना त्या बहुपदीची किंमत म्हणजे आपलं गुपित असं ठरवायचं आणि विश्वस्तांना वक्रावरचा एकेक बिंदू द्यायचा. तीन बिंदू जमले की वक्र ठरतो आणि वक्र ठरला की गुपित कळतं.

पायरी १ : मूळ संख्या निवडा

गुपितापेक्षा आणि माणसांच्या संख्येपेक्षा मोठी अशी एक मूळ संख्या घ्या. चार आकडी क्रमांकासाठी १०००७ चालते. ती ९९९९ नंतरची सगळ्यात लहान मूळ संख्या आहे. यापुढचा प्रत्येक हिशेब १०००७ ने भागून उरलेल्या बाकीत करायचा. ही मूळ संख्या लपवायची गरज नाही, ती प्रत्येक कागदावर लिहून ठेवली तरी चालेल.

बाकीत हिशेब कशासाठी, हे पुढे सांगतो. बरेच जण हीच पायरी गाळायला बघतात, म्हणून ते समजून घेणं गरजेचं आहे.

पायरी २ : सहगुणक काढा

तिघांची अट असेल तर घात दोन. घात नेहमी अटीपेक्षा एकाने कमी असतो. स्थिर पद म्हणजे गुपित, आणि उरलेले दोन सहगुणक ० ते १०००६ मधून निव्वळ यदृच्छेने काढायचे. इथे माझ्याकडे ६१३३ आणि २९५० आले:

```
f(x) = ४७२९ + ६१३३x + २९५०x²
```

वाढदिवस, गाडीचा नंबर असलं काही सहगुणकात घालू नका. x² चा सहगुणक शून्य आला तर तोही राहू द्या. शून्य टाळायचा नियम केला, तर दोन वाटे हातात असलेला माणूस त्या दोन बिंदूंमधून जाणारी सरळ रेषा काढून तिच्यावरचं गुपित यादीतून खोडू शकतो. नुकसान एका शक्यतेचंच आहे, पण ते उगाच का सोसायचं?

पायरी ३ : वाटे काढा

x च्या जागी १ ते ५ घाला आणि बाकी घ्या. x = ३ साठी ४७२९ + १८३९९ + २६५५० = ४९६७८ होतात. त्यातून १०००७ चार वेळा वजा केले की ९६५० उरतात. सगळे वाटे असे येतात:

```
(१, ३८०५)
(२, ८७८१)
(३, ९६५०)
(४, ६४१२)
(५, ९०७४)
```

प्रत्येकाला दोन्ही आकडे द्यायचे. ‘तिसऱ्या विश्वस्ताचा’ असं गृहीत धरून नुसतं ९६५० लिहिलं, तर दहा वर्षांनी कोण तिसरा होता यावर वाद होतील. x = ० चा वाटा कुणालाही देऊ नका, कारण तो वाटा म्हणजेच गुपित. हे उघड वाटतं, पण प्रोग्राममध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते तिथे ही चूक सहज होते.

पायरी ४ : जुळवून बघा

समजा १, ३ आणि ४ क्रमांकाचे विश्वस्त आले. त्यांना पूर्ण बहुपदी शोधायची गरज नाही, x = ० ची किंमत पुरते. लाग्रांज यांच्या सूत्रानुसार प्रत्येक वाट्याला एक गुणक मिळतो. तो काढताना बाकीच्या दोघांच्या x चा गुणाकार वर ठेवायचा, आणि त्या प्रत्येक x मधून आपला x वजा करून जो गुणाकार येतो तो खाली:

```
वाटा १ : (३×४) / ((३−१)(४−१)) = १२/६ = २
वाटा ३ : (१×४) / ((१−३)(४−३)) = ४/(−२) = −२
वाटा ४ : (१×३) / ((१−४)(३−४)) = ३/३ = १
```

गुणकांची बेरीज १ यायला हवी. इथे ती येते, म्हणजे आकडेमोड बरोबर आहे. मग २×३८०५ − २×९६५० + ६४१२ = −५२७८, आणि त्यात १०००७ मिळवले की ४७२९.

सगळेच गुणक असे पूर्णांकात येत नाहीत. १, २ आणि ४ आले तर गुणक ८/३, −२ आणि १/३ होतात. बाकीच्या हिशेबात तीनने भागणं म्हणजे तीनच्या व्यस्ताने गुणणं. ३ × ३३३६ = १०००८, त्याची बाकी १, म्हणून तीनचा व्यस्त ३३३६. आता ८×३८०५ − ६×८७८१ + ६४१२ = −१५८३४, म्हणजे बाकीत ४१८०. त्याला ३३३६ ने गुणून बाकी घेतली की पुन्हा ४७२९ येतात. शून्य सोडून प्रत्येक संख्येला असा व्यस्त हमखास मिळावा, म्हणूनच मूळ संख्या लागते.

गुपित लिहिलेला कागद फाडून टाकण्याआधी दहाही त्रिकुटं जुळवून बघा.

दोघांना खरंच काही कळत नाही का?

१ आणि ३ हे दोघे एकत्र बसले असं धरा. वरच्या हिशेबात चौथ्याचा वाटा अज्ञात ठेवला, तर त्यांना एवढंच कळतं: गुपित = चौथ्याचा वाटा + ८३२४, अर्थात बाकीत. चौथ्याचा वाटा ० ते १०००६ पैकी काहीही असू शकतो, आणि प्रत्येक किमतीला वेगळं गुपित येतं. एकही शक्यता बाद होत नाही, कोणती जास्त संभवनीयही ठरत नाही. हा मोठ्या संगणकाने मोडता येईल असा कठीण प्रश्न नाही, त्यांच्याकडे माहितीच अपुरी आहे.

आता बाकी न घेता साध्या पूर्णांकांत वाटे दिले तर काय होतं ते बघा. दुसऱ्याचा वाटा २८७९५ येतो. x = २ असल्यामुळे स्थिर पदाखेरीज बाकी सगळं सम, आणि वाटा विषम. म्हणजे गुपित विषम आहे हे त्याला एकट्यालाच कळलं. पाचव्याचा वाटा १०९१४४ येतो. त्याला पाचने भागून ४ उरतात, म्हणजे गुपिताला पाचने भागूनही ४ उरणार. हे दोघे भेटले की शेवटचा आकडा ९ आहे हे नक्की झालं, आणि दहा हजारांतले नऊ हजार क्रमांक बाद झाले. बाकीत हिशेब करायचा तो यासाठी.

मोठ्या गुपितासाठी

पासवर्ड किंवा किल्लीची फाइल असेल तर हाताने हिशेब नको. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
import secrets
P = 2**521 - 1

def split(s, k, n):
    c = [s] + [secrets.randbelow(P) for _ in range(k-1)]
    return [(x, sum(a*pow(x, i, P) for i, a in enumerate(c)) % P)
            for x in range(1, n+1)]

def join(shares):
    s = 0
    for xi, yi in shares:
        for xj, _ in shares:
            if xj != xi:
                yi = yi * xj * pow(xj-xi, -1, P) % P
        s += yi
    return s % P
```

ही मूळ संख्या ६५ बाइटपर्यंतच्या गुपिताला पुरते. `secrets` ऐवजी `random` वापरू नका, त्यातून येणाऱ्या संख्यांचा अंदाज बांधता येतो. गुपिताची लांबीही लिहून ठेवा. क्रमांक ०४७१ असेल तर जुळवल्यावर नुसतं ४७१ येतं.

कुठे फसतं

सगळ्यात मोठी अडचण ही, की चुकीचा वाटा आरडाओरडा करत नाही. १, ३ आणि ४ जुळवताना चौथ्याने ६४१२ ऐवजी ६४२१ वाचलं तर उत्तर ४७३८ येतं, आणि तेही अगदी खऱ्यासारखं दिसतं. मुद्दाम खोटं बोलणारा याचा फायदा घेऊ शकतो. इतरांचे वाटे आधी ऐकून घेतले तर खरं गुपित त्याला कळतं आणि बाकीचे चुकीचा आकडा घेऊन घरी जातात. म्हणून वाटे एकदम उघडावेत, आणि शक्य असेल तर चौथा माणूस बोलवावा. वेगवेगळ्या त्रिकुटांची उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी गडबड आहे. मात्र चारच वाटे असतील तर चूक आहे एवढंच कळतं, कोणाची ते नाही. पाच असतील तर एक चुकीचा वाटा नेमका ओळखता येतो, कारण बाकीचे चार एकाच बहुपदीत बसतात. उत्तर तपासण्यासाठी गुपिताचा हॅश, म्हणजे गुपितावरून काढलेला पण उलट फिरवता न येणारा ठसा, सोबत ठेवावा असं काही जण सुचवतात. लांब यादृच्छिक किल्लीसाठी ते ठीक, पण चार आकडी क्रमांकाचा हॅश दिला तर दहा हजार प्रयत्न संगणक क्षणात संपवतो.

एखादा विश्वस्त बदलला तर सगळ्यांचे वाटे ताजे करता येतात. स्थिर पद शून्य असलेली नवी बहुपदी घ्या, उदाहरणार्थ १२००x + ७७x² (प्रत्यक्षात हेही सहगुणक यदृच्छेने काढायचे), आणि प्रत्येकाच्या वाट्यात तिची किंमत मिळवा. पहिल्याचा ३८०५ चा ५०८२ होतो, गुपित ४७२९ च राहतं. जुने आणि नवे वाटे एकमेकांत मिसळले तर उत्तर भलतंच येतं, म्हणून कागदावर तारीख हवी. जुने कागद सगळ्यांनी खरोखर जाळले असतील तरच याचा उपयोग, कारण जुन्यांपैकी तीन कुठे शिल्लक असतील तर ते अजूनही ४७२९ च सांगतात. तशी शंका असेल तर तिजोरीचा क्रमांकच बदला आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.