हुरडा आवडते की आवडतो?

नांदेडला बदली होऊन आलेल्या, हिंदी घरात वाढलेल्या एका बँकेतल्या मॅडमना मी वर्षभर संध्याकाळी मराठी शिकवलं. पहिल्याच हिवाळ्यात शेतावर हुरडा खाताना त्या म्हणाल्या, "सर, मला हुरडा आवडते."

"आवडतो," मी म्हणालो.

"पण मी बाई आहे ना? 'मी खाते' म्हणते, तसं 'मला आवडते'."

चूक नेमकी इथे होते. 'मी खाते'मध्ये क्रियापद 'मी'कडे बघतं. पण 'मी'चं 'मला' झालं की त्या माणसाचा क्रियापदावरचा हक्क संपतो आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूकडे वळतं. बोलणारी बाई असो की बाप्या, हुरडा आवडतो, चटणी आवडते, भरीत आवडतं, शेंगा आवडतात. वस्तूच्या जागी माणूस आला तरी हेच: 'मला तू आवडतेस' यात रूप 'तू'चं आहे. हिंदीतल्या 'मुझे हुरडा पसंद है' मधला 'है' लिंग दाखवतच नाही, म्हणून हिंदीवाल्यांना हे पटकन जाणवत नाही.

पुस्तकातून शिकणाऱ्याची आणखी एक अडचण होते. छापील मराठीत 'चटणी आवडते' आणि 'भरीत आवडते' सारखंच दिसतं. बोलताना मात्र दुसरं 'आवडतं' होतं. शंका आली की मी वाक्य भूतकाळात न्यायला सांगतो: हुरडा आवडला, चटणी आवडली, भरीत आवडलं. ज्याचं लिंग चुकलंय ते लगेच कानाला खटकतं. मॅडम 'पुस्तक आवडली' म्हणाल्या, तेव्हा कळलं की नियम आलाय, पण लिंग हिंदीचं राहिलंय. म्हणून शब्द लिंगासकटच पाठ करावा: तो हुरडा, ते पुस्तक.

'वाटणे'ही तसंच चालतं: भीती वाटते, अभिमान वाटतो. पण 'मला वाटतं, साहेब आले असतील' इथे क्रियापदाने बघावं असं नामच नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. 'मला पोहायला आवडतं'चंही तेच.

काउंटरवर मात्र त्यांना 'पाहिजे'ने दिलासा दिला. हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे, त्यात लिंग उमटत नाही. अर्ज पाहिजे, पावती पाहिजे, पासबुक पाहिजे, सगळं चालतं. अनेकवचनात 'दोन फॉर्म पाहिजेत' लिहावं. समोरचा गावाकडचा माणूस "दोन फारम पायजे" म्हणेल, तेही समजून घ्यावं. 'हवा' वापरला की लिंग परत येतं: अर्ज हवा, पावती हवी, पासबुक हवं.

भूतकाळात 'पाहिजे' तसंच राहतं आणि लिंग शेजारच्या 'होता-होती-होतं'वर जातं. मॅडमनी हे एका ग्राहकाकडूनच उचललं. तो खिडकीशी येऊन म्हणाला होता, "मॅडम, पासबुक पाहिजे होतं, अन् कालची पावती पण पाहिजे होती."